चष्मा कुठाय गं : १५ सेकंदांचा मुखडा शेवटाकडून लिहिताना

प्रश्न : माझ्या मामेबहिणीचं कराडला चष्म्याचं दुकान आहे. तिच्या रीलसाठी १५ सेकंदांचा मुखडा लिहून द्यायचाय. चाल लावणारा मित्र म्हणतो, लय १२८ ची ठेवू. मी कविता करते, पण हे काही जमत नाहीये. आत्तापर्यंत लिहिलंय ते असं :

हरवून गेला गं माझा चष्मा
शोधू तरी मी त्याला कुठे
सकाळपासून धुंडाळते घर
दिसला का कुणाला तो कुठे

ऐकून सगळे 'छान' म्हणतात, पण 'परत लाव' असं कुणी म्हणत नाही. व्हिडिओ संपून पुन्हा सुरू होतो तेव्हा तर गाणं मध्येच तुटल्यासारखं वाटतं. काय बदलू?

उत्तर :

शेवटची ओळ आधी लिहा. पहिली ओळ तिच्यातून निघेल.

पूर्ण गाण्यात मुखडा संपला की अंतरा येतो. अंतरा आपल्याला लांब नेतो आणि परत मुखड्यावर आणून सोडतो. मधल्या प्रवासामुळे मुखडा शेवटी पूर्णविराम देऊन थांबला तरी बिघडत नाही. रीलमध्ये अंतराच नाही. मुखड्यापाठोपाठ मुखडाच येतो. त्यामुळे तुमच्या गाण्यातली सर्वांत नाजूक जागा म्हणजे शेवटचा शब्द आणि पहिला शब्द जिथे भेटतात तो सांधा. तुमच्या मसुद्यात 'दिसला का कुणाला तो कुठे' असा प्रश्न विचारून गाणं थांबतं आणि लगेच 'हरवून गेला गं माझा चष्मा' अशी बातमी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागतं. ऐकणाऱ्याला ती बातमी नुकतीच कळलेली असते. तुम्हाला तुटल्यासारखं वाटतं ते इथे. चालीचा दोष त्यात थोडा आहे, अर्थाचा जास्त.

आधी वेळेचा हिशेब उरकून घेऊ. मित्राने १२८ ची लय सुचवली, हे फार बरं झालं. मिनिटाला १२८ ठोके म्हणजे १५ सेकंदांत बरोबर ३२ ठोके. केरवा तालाच्या आठ मात्रा धरल्या तर चार आवर्तनं पूर्ण होतात आणि काही उरत नाही. म्हणजे तुमच्याकडे चार ओळी, प्रत्येक ओळ आठ ठोक्यांची, पावणेचार सेकंदांची. हीच चाल १२० वर धरली तर १५ सेकंदांत ३० ठोके बसतात. शेवटचं आवर्तन दोन ठोके आधीच कापलं जातं आणि प्रत्येक फेरीला समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावर, ठेच लागते. बरेच लोक अशी ठेच लागली की शब्दांना दोष देतात, आणि खरा घोटाळा भागाकारात असतो. लय १२० च हवी असेल तर मुखडा १६ सेकंदांचा करा. भारतात २०२० साली रील्स आणि शॉर्ट्स सुरू झाले तेव्हा १५ सेकंदांची मर्यादा होती, आता ती नाही. १५ चा आकडा सवयीने टिकलाय आणि चार ओळींना सोयीचा आहे, एवढंच. मित्राच्या मनात कधी कोळीगीतासारखा झुलता सहा मात्रांचा ठेका आला, तर मिनिटाला १९२ मात्रा धरायला सांगा. १५ सेकंदांत ४८ मात्रा होतात, म्हणजे दादऱ्याची आठ आवर्तनं.

पावणेचार सेकंदांत किती अक्षरं मावतात? मी इथे 'अक्षर' म्हणतोय ते तोंडाने उच्चारलेलं. 'काखेत' लिहिताना तीन अक्षरं, बोलताना 'का-खेत' ही दोनच. या लयीला आठ ते दहा उच्चारी अक्षरं आरामात बसतात. बारापर्यंत ओढाताण करून जातं, त्यापुढे गेलात की ते रॅप होतं आणि आरशासमोर उभं राहून ओठ हलवणाऱ्याला ते जमत नाही. तुमच्या ओळी नऊच्या आसपास आहेत, म्हणजे मोजमापात तुम्ही चुकलेल्या नाही.

आता सांधा. तो दोन ठिकाणी जुळवावा लागतो, अर्थात आणि आवाजात.

अर्थ जुळवायचा तर अशी गोष्ट शोधायची जिचा शेवट हाच तिचा आरंभ असेल. तुमचा विषय त्याला इतका अनुकूल आहे की मला तुमचा थोडा हेवा वाटला. चष्मा एकदा हरवून कधी भागत नाही. सापडतो, आपण तो पुसतो, कुठेतरी ठेवतो, आणि पुन्हा शोधायला लागतो. मग शेवटची ओळ इथेच आली :

सापडला, पुसला, ठेवला नि काय

'नि काय' म्हटल्यावर वाक्य लटकून राहतं. पुढे काय झालं ते ऐकल्याशिवाय चैन पडत नाही, आणि ते सांगायला पहिली ओळच यायला हवी :

चष्मा कुठाय गं, चष्मा कुठाय

म्हणजे पहिली ओळ दोन कामं करते. पहिल्यांदा ऐकणाऱ्यासाठी ती सुरुवात आहे, दुसऱ्या फेरीत ती अर्धवट वाक्याची पूर्ती आहे. दुसऱ्या फेरीला ऐकणारा गालात हसतो तो यामुळेच, आणि त्या हसण्यासाठी तो तिसऱ्यांदा ऐकतो. 'पुन्हा एकदा', 'आणि परत' असले शब्द शेवटी घालून फेरी जोडायचा मोह होईल. तो टाळा. फेरी घडली पाहिजे, फेरी होतेय असं सांगायला गेलात की मजा गेली.

'नि काय'च्या जागी 'नि हाय' सुद्धा यमकात बसलं असतं आणि थोडं नाटकी, गोडही वाटलं असतं. पण तुमचं दुकान कराडला. तिकडे 'हाय' म्हणजे 'आहे'. 'ठेवला नि हाय' ऐकून लोक म्हणतील, ठेवला आणि आहे, मग शोधताय कशाला?

आवाजाच्या बाजूने सांधा जुळवताना शेवटच्या ओळीत थोडी मोकळी जागा राखून ठेवा. आपल्याकडे याचा फार जुना नमुना आहे. मोठ्या अभंगाचे चरण सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे असतात. चौथा आखूड. भजनात त्या आखूड चरणानंतर टाळकऱ्यांना दम घ्यायला आणि ध्रुपदावर एकदम पडायला जागा मिळते. तुमची चौथी ओळ अक्षरांनी आखूड करायची गरज नाही, पण 'काय' सातव्या ठोक्यावर संपवून आठवा ठोका रिकामा सोडा. या लयीला तो अर्ध्या सेकंदाहून जरा कमी आहे. त्या रिकाम्या ठोक्यात ऐकणारा मनात 'काय?' विचारतो आणि समेवर 'चष्मा' येऊन आदळतो.

रिकाम्या ठोक्याचा एक तांत्रिक फायदाही आहे. फोनवर व्हिडिओ पहिल्यापासून सुरू होताना कधी कधी बारीकशी फट पडते. दाबून लहान केलेल्या आवाजाच्या फाइलीत पुढेमागे क्षणभराची शांतता चिकटते, तीही त्यात भर घालते. शेवटचा शब्द लांबवलेला आ-कार असेल आणि तोच धागा पहिल्या शब्दात न्यायचा असेल, तर ती फट लगेच कानाला खुपते. शांततेत पडलेली फट मात्र कुणाला ऐकू येत नाही.

सुराचं मित्राला एवढंच सांगा की 'काय' षड्जावर ठेवू नको. शेवटचा सूर सा असला की कानाला घर आल्यासारखं वाटतं आणि बोट वर सरकतं. 'काय' पंचमावर किंवा रिषभावर लटकत ठेवायचा, आणि सा द्यायचा 'चष्मा'च्या 'च'ला.

आता पहिल्या ओळीकडे येऊ. तुमच्या मसुद्यात 'चष्मा' हा शब्द पहिल्या ओळीच्या शेवटी येतो. ऐकणाऱ्याला विषय कळेपर्यंत तीन सेकंद जातात. रील बघणारा माणूस तेवढा थांबत नाही. कवितेत 'हरवून गेला गं' म्हणून उत्सुकता वाढवणं योग्यच, तिथे वाचक पान उघडून बसलेला असतो. इथे पहिल्याच ठोक्यावर वस्तू हातात द्यावी लागते. आणि फाइलीच्या पहिल्या क्षणापासून शब्द सुरू झाले पाहिजेत. आधी चार ठोक्यांचा वाद्यमेळ, 'हे हे' वगैरे काही नको. तसलं काही ठेवलं तर ते प्रत्येक फेरीत परत येतं आणि आपण जपून तयार केलेला सांधा त्याच्याखाली दबून जातो.

आकर्षक ओळ मिळते कुठे? माझा अनुभव असा की ती आधीच कुणाच्या तरी तोंडात असते. घरात चष्मा हरवल्यावर कुणी 'शोधू तरी मी त्याला कुठे' म्हणत नाही. माजघरातून आवाज येतो, 'अगं, माझा चष्मा कुठाय?' त्यातला 'अगं' मागे नेऊन 'गं' केला आणि वाक्य दोनदा म्हटलं की ओळ तयार. बोलण्यातल्या वाक्याला स्वतःची चाल असतेच. 'कुठाय'चा 'ठाय' आपण बोलतानाही वर नेतो, तीच चढण मित्राने सुरात पकडायची. 'धुंडाळते' हा शब्द मला आवडतो, पण तो छापील आहे. तो वाचला जातो, ओरडला जात नाही.

'कुठे आहे', 'कुठंय' आणि 'कुठाय' यांतून मी 'कुठाय' घेतलं, कारण शेवटी उघडा आ मिळतो. 'कुठे'चा ए ओढला तर तोंड आडवं पसरतं आणि उंच सुरावर आवाज चिरकतो. 'कुठंय' नाकात अडकतो. आ-कार असला की न गाणाऱ्यालाही तो मोठ्याने म्हणता येतो, व्हिडिओत तोंड छान उघडलेलं दिसतं, आणि 'नाय', 'काय' अशी यमकं आपोआप हाताशी येतात. तुमच्याकडे 'कुठे'चं यमक 'कुठे'शीच जुळवलंय. गझलेत रदीफ म्हणून शब्द परत येतो तेव्हा त्याच्या आधी काफिया काम करत असतो. इथे तो नाही, म्हणून ओळ थकलेली वाटते.

शब्दांतली व्यंजनंही बघा. फोनच्या छोट्या स्पीकरमधून डग्गा किंवा बेस जवळपास ऐकूच येत नाही. खालचे आवाज तो पेलू शकत नाही. मग ठेका पोचवतं कोण? च, क, ठ, ख, प ही कडक व्यंजनं. 'चष्मा कुठाय' म्हणताना च आणि क ठोक्यावर पडतात, ठ दोन ठोक्यांच्या मध्ये पडतो. वाद्यं बंद केली तरी टाळी वाजल्यासारखी लय कळते. 'हरवून गेला गं माझा'मध्ये ह, र, व, ल, म अशी सगळी मऊ व्यंजनं आहेत. अंगाईला ती उत्तम.

मधल्या दोन ओळींसह मी तयार केलेला मुखडा असा :

चष्मा कुठाय गं, चष्मा कुठाय
उशीखाली नाय गं, खिशात नाय
काखेत कळसा, गावाला वळसा
सापडला, पुसला, ठेवला नि काय

चारही ओळी नऊ उच्चारी अक्षरांच्या आहेत, पण चारही सारख्या म्हणायच्या नाहीत. तुमच्या मसुद्याची आणखी एक अडचण हीच होती की चारही ओळी एकच गोष्ट सांगत होत्या : मी शोधतेय. इथे पहिल्या दोन ओळी शोधतात, तिसरी हसते, चौथी सोडवते आणि पुन्हा अडकवते.

ठोक्यांवर ते असं बसतं. पहिल्या ओळीत 'चष्' पहिल्या ठोक्यावर, 'मा' दुसऱ्यावर, 'कु' तिसऱ्यावर आणि 'ठाय' तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये, मग चौथ्याच्या पोटात हलकाच 'गं'. दुसरा अर्धा भाग तसाच, फक्त 'गं' नाही, 'ठाय' ओढायचा. 'ठाय' ठोक्याच्या जरा आधी-मागे पडतो म्हणून मान हलते. अगदी ठोक्यावर ठेवलात तर परेड होईल. दुसऱ्या ओळीत 'उशीखाली' ही चार अक्षरं दोन ठोक्यांत घाईने म्हणायची, कारण शोधणारा घाईतच असतो. 'नाय गं' तिसऱ्या-चौथ्यावर, 'खिशात' पाचव्यापासून, 'नाय' सातव्यावर. तिसरी ओळ एकदम सरळ, 'का', 'खेत', 'कळ', 'सा' प्रत्येकी एकेका ठोक्यावर. पुढच्या अर्ध्या भागात फक्त 'गावा' एका ठोक्यात जोडून घ्यायचं. इथे लय मुद्दाम साधी होते, जणू शेजारच्या काकू दारात उभ्या राहून ऐकवताहेत. यमकही इथे बदलतं. 'आय' दोनदा ऐकल्यावर कान तिसऱ्यांदा त्याचीच वाट बघतो, तिथे 'कळसा-वळसा' मिळतं, आणि चौथ्या ओळीत 'काय' आला की त्याची गोडी वाढते. चौथीत 'सापडला' दोन ठोके, 'पुसला' दोन, 'ठेवला' दोन, त्याच्या शेपटाला 'नि', सातव्यावर 'काय', आणि आठवा ठोका रिकामा.

म्हण वापरली ती दोन कारणांनी. ती कुणा एकाची नाही, सगळ्यांची आहे, म्हणून हक्काचा प्रश्न येत नाही. आणि तिच्यात यमक आणि ताल आधीच घडवलेले आहेत, पिढ्यांनी घासून घेतलेले. मात्र मुखड्यात एकच म्हण पुरे. दोन झाल्या की शाळेच्या भिंतीवरचा सुविचार होतो. आता हेही खरं की 'कळसा' म्हणजे पाण्याची लहान घागर हे आजच्या कॉलेजातल्या मुलांना कदाचित माहीत नसेल. चालतं. त्या ओळीला व्हिडिओत हात डोक्याकडे जातो आणि चष्मा केसांत खोचलेला सापडतो, तेव्हा अर्थ डोळ्यांना कळतो. ही ओळ साडेसातव्या सेकंदाला सुरू होते, म्हणजे बरोबर अर्ध्यावर. दृश्यातली कलाटणी अर्ध्यावर आली की बघणारा उरलेला अर्धा भाग सहज बघतो.

दृश्याचा विचार शब्द लिहितानाच करायचा असतो. प्रत्येक ओळीत एक तरी हालचाल सापडली पाहिजे : आजूबाजूला शोधणं, उशी उचलून खिसा चाचपणं, डोक्याला हात लागणं, आणि मग सापडला-पुसला-ठेवला अशा तीन झटपट कृती. शेवटच्या रिकाम्या ठोक्याला हात मोकळे आणि नजर बावरलेली, म्हणजे पहिल्या दृश्याला जसे असतात तसेच. चित्राचा सांधाही तिथेच जुळतो. तुमच्या ओळींत 'सकाळपासून' आहे. 'सकाळपासून' अभिनयात दाखवायचं कसं?

आता एक मराठीपुरती खास गोष्ट, आणि ती बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. आपलं क्रियापद बोलणाऱ्याचं लिंग उघड करतं. 'धुंडाळते' म्हटलं की ओठ हलवणारी बाईच हवी. आजोबांना, कॉलेजातल्या मुलाला ते गाणं वापरता येत नाही, आणि निम्मे लोक तुम्ही दारातूनच परत पाठवता. मुखडा दुसऱ्यांनी उचलावा असं वाटत असेल तर बोलणाऱ्याचं लिंग न दाखवणारी वाक्यं निवडा. भूतकाळातला कर्मणी प्रयोग इथे मदतीला येतो. 'मी चष्मा पुसला' हे बाईही म्हणते, बुवाही म्हणतो, कारण क्रियापद चष्म्याच्या मागे जातं. 'सापडला' तर चष्म्याबद्दलच आहे. 'कुठाय' आणि 'नाय' यांना लिंगाशी देणंघेणं नाही. राहता राहिला 'गं'. तो ऐकणारी बाई आहे असं सुचवतो, बोलणारा कोण ते सांगत नाही, त्यामुळे आजोबा आजीला विचारताहेत असं चित्रही उभं राहतं. बहिणीला हवं तर 'रं' घालून दुसरी आवृत्ती करून ठेवा, एका अक्षराचाच फरक आहे.

त्याच दृष्टीने 'चष्मा'ची जागा बदलता येण्याजोगी ठेवलीय. ती दोन उच्चारी अक्षरांची, पहिलं अक्षर जड. तिथे 'किल्ली', 'चप्पल', 'चार्जर' सहज बसतात. 'मोबाईल' बसत नाही, एक अक्षर जास्त होतं. किल्लीसाठी शेवटची ओळ 'सापडली, लावली, ठेवली नि काय' अशी होईल. लोक असं करायला लागले तर रागावू नका. तुमचा मुखडा लोकांना पाठ झाला, याची तीच खूण.

बहिणीचा आग्रह असणार की दुकानाचं नाव शब्दांत यावं. मी नाही म्हणेन. नाव घातलं की ती जाहिरात होते आणि दुसरं कुणी ती आपल्या व्हिडिओला लावत नाही. नाव पाटीवर दिसू द्या, खालच्या मजकुरात लिहा, चौथ्या ओळीला चष्मा दुकानाच्या डबीत ठेवा आणि डबीवरचं नाव कॅमेऱ्यासमोर येऊ द्या.

मित्राला ध्वनिमुद्रणाबद्दल दोन सूचना द्या. गायिकेकडून मुखडा न थांबता सलग तीन वेळा गाऊन घ्या आणि मधली फेरी कापून वापरा. पहिल्या फेरीत आवाज सावरत असतो, शेवटचीत सैलावतो. मधलीचा आणखी फायदा म्हणजे आधीच्या 'काय'ची गुंज तिच्या सुरुवातीला राहिलेली असते, त्यामुळे फिरवून ऐकताना जोड कळत नाही. फाईल दाब न दिलेल्या वेव्ह स्वरूपात काढा. सेकंदाला ४८००० सॅम्पल या दराने १५ सेकंद म्हणजे बरोबर ७,२०,००० सॅम्पल, त्यात कमीजास्त दिसलं तर कापताना चूक झालीय.

तपासायचं कसं ते सांगतो. आधी वाद्यांशिवाय, फक्त टाळीवर, सलग म्हणून बघा. दम कुठे घेताय ते लक्षात ठेवा. दम आठव्या रिकाम्या ठोक्याशिवाय दुसरीकडे घ्यावा लागत असेल तर ती ओळ जड आहे. मग फोनचा आवाज अगदी कमी करून, शेजारी पंखा किंवा मिक्सर चालू असताना लावा. जो शब्द हरवतो तो बदला. या मुखड्यात मला थोडी शंका 'खिशात'ची आहे, कारण ख आणि श मिळून नुसती फुंकर ऐकू येऊ शकते. तसं झालं तर 'पर्शीत नाय' करा. र्श जरा दाबून म्हटला की शब्द उभा राहतो, आणि पर्स उपडी करण्याची हालचालही मिळते. त्यानंतर गाणं माहीत नसलेल्या कुणालातरी ते काहीही न सांगता दोनतीन फेऱ्या ऐकवा आणि दुसऱ्या दिवशी विचारा. 'काहीतरी चष्म्याचं होतं' असं उत्तर आलं तर पहिली ओळ अजून कच्ची आहे. त्याने 'चष्मा कुठाय गं' चालीसकट म्हणून दाखवलं तर काम झालं. कुणी 'सापडला, पुसला' म्हणून दाखवलं तर विचारात पडा. मग चौथी ओळच पहिली करून बघायला हवी. फेरी गोल असल्यामुळे सुरुवात कुठूनही करता येते, आणि कधी कधी तेच जास्त चांगलं निघतं.

मूळपणाची तपासणीही करा. चाल नुसती गुणगुणून चारपाच जणांना विचारा, हे कुठल्या गाण्यासारखं वाटतं? दोघांनी एकाच गाण्याचं नाव घेतलं तर मित्राला पहिल्या आठ ठोक्यांची चाल बदलायला लावा. गाजलेल्या गाण्याच्या चालीवर नवे शब्द बसवले तर ते तुमचे शब्द राहतात, चाल नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींवर वेगवेगळे हक्क असतात. दुकानाचं खातं व्यवसायाचं असेल तर इन्स्टाग्रामवर लोकप्रिय गाणी वापरायला तशीही मर्यादा येते, त्यामुळे स्वतःचा मुखडा करण्याचा निर्णय योग्यच आहे.

आणि ध्वनिमुद्रणाआधी एका कागदावर लिहून घ्या : शब्द तुमचे, चाल मित्राची, आवाज गायिकेचा, दुकानाला कुठे आणि किती काळ वापरायची परवानगी, आणि पुढे मुखड्याचं पूर्ण गाणं करायचं ठरलं तर कुणाला विचारायचं. घरातलंच काम आहे म्हणून हा कागद राहून जातो. मुखडा चालला नाही तर त्याची गरजही पडत नाही. चालला, आणि एखाद्या कंपनीने विचारणा केली, की तिघांच्या आठवणी तीन निघतात.

दुसरी ओळ तुम्ही तुमच्या घरातल्या बोलण्याप्रमाणे बदला. 'उशीखाली' आणि 'खिशात' या माझ्या घरातल्या जागा आहेत. तुमच्या मामांचा चष्मा कुठे कुठे सापडतो ते बहिणीला विचारा, आणि नऊ अक्षरांत बसतील अशा दोन जागा निवडा. पहिली आणि चौथी ओळ मात्र एकमेकींशिवाय बदलू नका.